दुष्काळातला एक कसबा: भूमिका-खेळाच्या मोहिमेसाठी गट, गुपिते आणि निमित्ते कशी रचावीत

टेबलाभोवती बसून फाशांच्या साहाय्याने खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका करतो आणि गेम मास्टर बाकीचे सारे जग चालवतो. असा गेम मास्टर होऊ पाहणारा नवखा माणूस बहुधा जगाच्या नकाशापासून आरंभ करतो. तो राज्ये आखतो, राजवंशांच्या पिढ्या लिहितो, देवतांची नावे ठरवतो आणि एवढे करूनही पहिल्या बैठकीत एखाद्या खेळाडूने "या गावात कुंभार कुठे राहतो?" असे विचारले की त्याच्यापाशी उत्तर नसते. त्याची मेहनत कमी पडलेली नसते. जे लिहिले त्यातून पुढचे वाक्य निघत नाही, एवढीच अडचण असते. ज्या लिखाणातून खेळ चालू असताना, विचार करायला वेळ नसताना, पुढचे वाक्य सुचते तेवढेच लिखाण तयारीत ठेवावे, असे माझे मत आहे. असे लिखाण चार-पाच पानांत मावते. ते कसे करावे हे एका उदाहरणाने येथे सांगतो. उदाहरण मराठवाड्यातील आहे, कारण लातूर, बीड किंवा नांदेडच्या खेळाडूला गढी, बारव आणि तांडा समजावून सांगावा लागत नाही, आणि ओळखीच्या गोष्टीवर खेळाडू अधिक धीटपणे प्रश्न विचारतात.

पहिली पायरी: एक जागा आणि एक टंचाई

आपल्या उदाहरणातील कसब्याचे नाव करंजदरी. तो कल्पित आहे. तो बालाघाटाच्या कडेवर, धारूरपासून एका दिवसाच्या वाटेवर, गोदाकाठच्या सपाटीकडे उतरणाऱ्या घाटाच्या तोंडाशी आहे असे मानू. काळ मात्र खरा घेऊ. १६३० साली पावसाने दगा दिला आणि दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला होता, निजामशाही खिळखिळी झाली होती आणि मोगलांच्या फौजा दख्खनेत उतरल्या होत्या. १६३१ मध्ये धारूरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला, परंतु त्याच साली परांड्याचा वेढा त्यांना उठवावा लागला. दौलताबाद तर १६३३ पर्यंत टिकला. आपली मोहीम, म्हणजे अनेक बैठकींत चालणारी सलग गोष्ट, १६३१ च्या चैत्रात सुरू होते, म्हणजे उद्या कोणाचे राज्य असेल हे कसब्यातील एकाही माणसाला सांगता येत नाही अशा वेळी.

इतिहास एवढाच पुरेसा आहे, आणि यापेक्षा अधिक लिहिण्याचा मोह आवरावा. खेळाडूंच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एकच: कसब्यात धान्य किती उरले आहे? ही टंचाई आपल्या विश्वाचा कणा आहे, आणि ती मोजता येईल अशी असावी. येथे आकडे उपयोगी पडतात. खेळापुरते असे धरू की कसब्यात आठशे माणसे आहेत आणि प्रत्येकाला रोज एक शेर ज्वारी लागते. चाळीस शेरांचा मण आणि वीस मणांची खंडी, म्हणजे कसब्याला दररोज बरोबर एक खंडी ज्वारी लागते. देशमुखांच्या गढीत पाच पेवे आहेत आणि प्रत्येकात तीस खंडी धान्य आहे, असे सगळे समजतात. दीडशे खंडी म्हणजे दीडशे दिवस. चैत्राच्या आरंभापासून मोजले तर धान्य भाद्रपदापर्यंत पुरेल आणि तोवर नवा मूग घरात येईल. पण पाचांपैकी दोनच पेवे भरलेली असली तर साठ दिवस, म्हणजे मृगाच्या तोंडापर्यंतच. पाऊस पडला तरी पेरणीनंतर खायला काही नाही. हा हिशेब एका ओळीत वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. पुढे खेळाडूंनी दहा खंडी मिळवली काय किंवा गमावली काय, त्याचा अर्थ किती दिवस, हे आपल्याला तत्काळ सांगता येते.

पेव ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडेसे सांगतो, कारण खेळात त्याचा फार उपयोग आहे. पेव म्हणजे जमिनीत खोदलेले, तोंडाशी अरुंद आणि आत फुगीर असे धान्याचे कोठार. आतून कडबा किंवा गवत लावतात, धान्य भरल्यावर तोंडावर शिळा ठेवतात आणि मातीने लिंपून टाकतात. फार दिवस बंद राहिलेल्या पेवात हवा कोंडलेली असते, म्हणून ते उघडल्यावर लगेच आत उतरलेला माणूस गुदमरून मरू शकतो. आधी दिवा सोडून पाहतात, आणि दिवा विझला तर थांबतात. पेवातील ज्वारीला एक कुबट वासही येतो, जो भाकरीतही कळतो. कोठाराच्या चोरीचा प्रसंग आला तर दिव्याचा हा नियम एकट्याने तो प्रसंग उभा करतो, आणि तो वास पुढे पुरावा म्हणून कामी येतो.

दुसरी पायरी: चार गट

गट किती असावेत, याचे उत्तर त्यांच्यातील नात्यांवरून काढावे. तीन गटांमध्ये तीन नाती होतात, चारांमध्ये सहा, सहांमध्ये पंधरा. सहा नाती डोक्यात राहतात, पंधरा राहत नाहीत. म्हणून नवख्याने चारांवर थांबावे. कसब्यात गटांशिवायही माणसे असतात, पण ती त्या चारांपैकी कोणाशी तरी बांधलेली असतात.

प्रत्येक गटासाठी चारच वाक्ये लिहावीत: त्याला काय हवे आहे, त्याच्या हाती काय आहे, त्याला काय करता येत नाही, आणि त्याच्या वतीने बोलणारा माणूस कसा आहे. तिसरे वाक्य बहुतेक जण गाळतात, आणि प्रसंग ऐन वेळी सुचण्यासाठी तेच सर्वांत उपयोगी असते. ज्याला सगळे करता येते तो गट खेळाडूंकडे कशाला येईल? गटाची अडचण हेच त्याने खेळाडूंना बोलावण्याचे कारण असते.

गढीवरील देशमुखांना आपले वतन टिकवायचे आहे, मग सनद कोणाच्याही शिक्क्याची असो. त्यांच्या हाती पेवे आणि चाळीस हत्यारबंद माणसे आहेत. एका सत्तेची बाजू उघडपणे घेणे त्यांना शक्य नाही, कारण दुसरी सत्ता एका दिवसाच्या अंतरावर आहे. त्यांच्या वतीने कारभारी बोलतो. तो अत्यंत सभ्य आहे आणि प्रत्येक प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देतो.

पेठेतील शेटे-महाजनांना आपली उचल वसूल व्हायला हवी आहे, कारण त्यांनी दूरच्या पेढ्यांवर हुंड्या केल्या आहेत आणि त्या मुदतीत फेडायच्या आहेत. त्यांच्या हाती वह्या आहेत, म्हणजे कोण कोणाचे किती देणे लागतो ही माहिती. त्यांच्याकडे शस्त्र नाही, त्यामुळे वसुलीसाठी दुसऱ्याचा हात लागतो. त्यांच्यातील वयस्क शेटे बोलतात, आणि बोलताना नेहमी आकडा सांगतात.

घाटाखाली उतरलेल्या बंजाऱ्यांच्या तांड्याला चारशे बैलांसाठी चारा आणि पाणी हवे आहे. एका बैलावर तीन मण धरले तर तांड्याची एक खेप साठ खंडींची होते, म्हणजे कसब्याच्या साठ दिवसांच्या पोटाची. ही वाहतूक त्यांच्याखेरीज कोणाकडे नाही. पण एका जागी थांबणे त्यांना परवडत नाही, कारण प्रत्येक आठवड्याला बैल मरतात. नायक कमी बोलतो. सौदा त्याची बायको करते आणि ती दिलेला शब्द मोजून देते.

चौथा गट बारवेवरचा मठ. महंतांना अन्नछत्र बंद पडू द्यायचे नाही. त्यांच्या हाती कसब्यातील एकमेव न आटलेली बारव आणि लोकांचा विश्वास आहे. त्यांना कोणाला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे दररोज खाणारी तोंडे वाढतात.

चारही लिहून झाल्यावर एक कसोटी लावावी. प्रत्येक गटाला हवी असलेली वस्तू दुसऱ्या एखाद्या गटाच्या हाती आहे का? तांड्याला पाणी हवे, ते मठाकडे आहे. मठाला धान्य हवे, ते गढीत आहे. गढीला आपले धान्य गुपचूप हलवायला बैल हवेत, ते तांड्याकडे आहेत. शेट्यांची उचल गढीत आणि तांड्यात अडकली आहे. एखाद्या गटाला हवी असलेली गोष्ट टेबलाबाहेर असेल, उदाहरणार्थ देशमुखांना केवळ "सत्ता" हवी असेल, तर तो गट खेळात हलणार नाही. अशा वेळी त्याची इच्छा इतकी नेमकी करावी की ती मिळाली की नाही हे एका वाक्यात सांगता येईल.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. दुष्काळ, गढी, तांडा, बलुतेदार हे सारे आपल्या भूमीचे आहे आणि त्यात आजच्या खेळाडूंच्या पूर्वजांची माणसे आहेत. इंग्रजी अमदानीत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला, आणि त्याचे ओरखडे अजून मिटलेले नाहीत. म्हणून तांडा म्हणजे चोरांची टोळी अशी मांडणी करू नये. वरच्या चार वाक्यांची पद्धत पाळली तर ती होतही नाही, कारण प्रत्येक गटाची मागणी त्याच्या जागी रास्त ठरते. जात आणि भूक हे विषय खेळात कुठपर्यंत यावेत, हे मात्र पहिल्या बैठकीपूर्वी सर्वांशी बोलून ठरवावे, आणि एकालाही जे नको असेल ते बाहेर ठेवावे.

तिसरी पायरी: गुपिते, पण जागेला न बांधलेली

नवखा गेम मास्टर गुपित एका ठिकाणी ठेवतो. कारभाऱ्याच्या पेटीत चिठ्ठी आहे, असे तो लिहितो. मग खेळाडू पेटी उघडत नाहीत आणि मोहीम तिथेच अडते. म्हणून गुपित केवळ एका वाक्याचे विधान म्हणून लिहावे आणि ते कुठे, कोणाकडून कळेल हे मोकळे ठेवावे. करंजदरीसाठी मी लिहिलेल्या गुपितांपैकी पाच अशी आहेत:

१. गढीच्या पाच पेवांपैकी दोनच भरलेली आहेत.
२. बाकीच्या तीन पेवांतील नव्वद खंडी ज्वारी देशमुखांनी स्वतःच रात्रीतून धारूरच्या ठाण्यावर पोहोचवली.
३. तांड्याच्या नायकाने एकाच खेपेसाठी शेट्यांकडून आणि धारूरच्या ठाण्याकडून, अशी दोन्हीकडून उचल घेतली आहे.
४. मठाच्या आवारात सहावे पेव आहे आणि ते कोणाच्याही वहीत नाही.
५. गढी शेट्यांकडे गहाण आहे, आणि हे देशमुखांच्या धाकट्या भावाला ठाऊक नाही. तो परांड्यावर निजामशाहीच्या चाकरीत आहे.

एका मोहिमेला आरंभी अशी आठ-दहा गुपिते पुरतात. प्रत्येकाला दोन प्रश्न विचारून पाहावे. पहिला प्रश्न असा की हे कळल्यावर खेळाडू वेगळे काही करतील का. "देशमुखांचे आजोबा मूळचे दुसऱ्या परगण्याचे होते" हे गुपित असू शकेल, पण त्याने काही बदलत नाही, म्हणून ते खोडावे. पहिले गुपित कळले तर मात्र साऱ्या कसब्याचा हिशेब दीडशे दिवसांवरून साठ दिवसांवर येतो.

दुसरा प्रश्न असा की हे गुपित तीन निरनिराळ्या वाटांनी बाहेर येऊ शकते का. एक वाट वस्तूची किंवा खुणेची, दुसरी माणसाच्या तोंडची, तिसरी कागदाची. पहिल्या गुपिताची खूण म्हणजे अन्नछत्रातील भाकरी: तिला पेवाचा कुबट वास येत नाही, म्हणजे ती गढीतून आलेली ज्वारी नाही. माणूस म्हणजे रात्री पेव घाईने उघडताना चक्कर येऊन पडलेला गडी, जो अजून वैदूच्या खोपटात पडून आहे. कागद म्हणजे कुलकर्ण्यांचे दप्तर, ज्यात पेवांतून बाहेर गेलेले धान्य एवढे आहे की पाचही पेवे भरलेली असणे शक्यच नाही. या तिन्ही खुणांपैकी एक जरी खेळाडूंच्या वाटेत आली तरी पुरे. तीन लिहिण्याचे कारण असे की पहिली खूण खेळाडूंच्या नजरेतून सुटते, दुसरीचा ते भलताच अर्थ लावतात, आणि तिसरी हाती आली की आधीच्या दोन्हींचा उलगडा होतो. एका गुपितासाठी एकच खूण ठेवली आणि ती फाशावर अवलंबून ठेवली, तर खेळ अडणार हे जवळजवळ निश्चित समजावे. महत्त्वाची खूण शोधणाऱ्याला ती फासा न टाकताच मिळू द्यावी. ती मिळवताना कोणाच्या नजरेस पडलो का, किती वेळ गेला, एवढेच फाशावर सोडावे.

चौथी पायरी: निमित्ते

खेळाडूंना गोष्टीत ओढणाऱ्या निमित्तांना खेळणारी मंडळी हूक म्हणतात. निमित्त म्हणजे नुसती बातमी नव्हे. "घाटात कोणीतरी दिसले म्हणे" हे ऐकून खेळाडू मान डोलावतात आणि गप्प बसतात. चांगल्या निमित्तात कोणीतरी काहीतरी मागतो, त्याला मुदत असते आणि ते खेळाडूच्या एखाद्या पात्राला चिकटलेले असते. म्हणून निमित्ते पात्रे तयार झाल्यावरच लिहावीत.

समजा चार पात्रे आहेत: चाकरी सुटलेला बारगीर, वैदूची मुलगी, गावोगाव फिरणारा कासार आणि निरोप पोहोचवणारा जासूद. जासुदाच्या पिशवीत धाकट्या देशमुखाचे पत्र आहे, ते अमावस्येच्या आत गढीत थोरल्याच्या हाती द्यायचे आहे, आणि कारभारी ते आपल्याकडे मागतो. वैदूच्या मुलीच्या खोपटात तो गुदमरलेला गडी आहे आणि शुद्धीवर आल्यापासून तो गाव सोडून पळून जायचे म्हणतो. बारगिराला शेटे वसुलीच्या कामावर बोलावतात आणि पहिला हप्ता पुढे ठेवतात. कासाराला तांड्याची नायकीण विचारते की बारवेवर रात्री बैल पाजायला मिळतील असा शब्द तू महंतांकडून आणशील का, कारण परवा तांडा हलणार आहे.

या चारही निमित्तांत एकेक गट बोलतो आहे आणि प्रत्येकाच्या पोटात वरचे एखादे गुपित आहे. ही जोडणी मुद्दाम केलेली आहे. खेळाडूंनी कोणतेही निमित्त उचलले तरी ते गुपितांकडेच जातात, आणि तीन निमित्ते सोडून दिली तरी तयारी वाया जात नाही, कारण गुपित दुसऱ्या वाटेने बाहेर येऊ शकते. सोडलेल्या निमित्ताचे काय होते, हे मात्र टिपून ठेवावे. कासाराने निरोप नेला नाही तर तांडा परवा खरोखर हलायला हवा. गेम मास्टरने दिलेली मुदत पाळली नाही, तर पुढच्या मुदतीवर खेळाडू विश्वास ठेवत नाहीत.

पाचवी पायरी: बैठकींच्या मधले दिवस

गट हे खेळाडूंची वाट पाहत थांबलेले नसतात. प्रत्येक गटासाठी एक ध्येय लिहून त्यापुढे रिकाम्या घरांची ओळ काढावी. गढी: "धारूरहून सनद हाती येते", सहा घरे. शेटे: "गढीवर जप्ती आणतात", सहा घरे. तांडा: "तळ उठवून कायमचा निघून जातो", चार घरे. मठासाठी ध्येयाऐवजी संकट लिहावे: "अन्नछत्र बंद पडते", चार घरे. दोन बैठकींच्या मध्ये, घरी बसून, प्रत्येक गटासाठी सहा बाजूंचे दोन फासे टाकावेत. बेरीज सहा किंवा कमी आली तर काही घडत नाही, सात ते नऊ आली तर एक घर भरावे, दहा किंवा अधिक आली तर दोन घरे भरावीत.

हे आकडे निवडण्यामागे हिशेब आहे. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांपैकी सहा किंवा कमी येण्याच्या पंधरा, सात ते नऊ येण्याच्याही पंधरा आणि दहा किंवा अधिक येण्याच्या सहा आहेत. सरासरीने एका बैठकीमागे पाऊण घर भरते. म्हणजे सहा घरांचे ध्येय साधारण आठ बैठकींत पुरे होते आणि चार घरांचे पाच-सहा बैठकींत. दर पंधरवड्याला एकदा खेळणाऱ्या मंडळींना आठ बैठकींचा काळ चार महिन्यांचा होतो. पहिल्या मोहिमेसाठी तेवढी लांबी योग्य आहे. ती लांबवायची असेल तर घरे वाढवावीत, फाशांचा नियम बदलू नये. खेळाडूंनी एखाद्या गटाला प्रत्यक्ष अडवले असेल तर त्या खेपेला त्याच्यासाठी फासेच टाकू नयेत.

घर भरले की गावात काहीतरी दिसलेच पाहिजे. गढीचे एक घर भरले तर धारूरहून एक घोडेस्वार येऊन गेला आणि त्याच्यासाठी कारभाऱ्याने कोंबडे कापले. तांड्याचे घर भरले तर घाटाखालचे निम्मे तळ उठलेले दिसतात. खेळाडूंच्या दृष्टीस न पडणारी हालचाल म्हणजे गेम मास्टरने स्वतःशीच खेळलेला खेळ होय, आणि त्यावर वेळ घालवू नये.

प्रत्यक्ष टेबलावर: कुंभारवाड्यातला प्रसंग

आता या तयारीतून ऐन वेळी काय निघते ते पाहू. समजा पहिल्या बैठकीत खेळाडूंनी चारही निमित्ते बाजूला ठेवली आणि ठरवले की आपण कुंभाराकडे जाऊ, चार मोठे रांजण घेऊ आणि घाटात पाणी साठवून तांड्याला विकू. कुंभाराविषयी तुम्ही एक अक्षर लिहिलेले नाही.

अशा वेळी क्रमाने तीन गोष्टी कराव्यात. प्रथम ठरवावे की हा माणूस चार गटांपैकी कोणाशी बांधलेला आहे. कुंभार बलुतेदार आहे, वर्षाला सुगीवर त्याचे बलुते ठरलेले आहे, आणि पेवांची तोंडे लिंपायला लागणारी चिकण माती तोच पुरवतो, असे ठरवता येईल. म्हणजे तो गढीशी बांधलेला आहे. मग गुपितांच्या यादीवर नजर टाकून या माणसाला त्यातले कोणते सहज ठाऊक असेल ते पाहावे. अर्थातच पहिले. शेवटी त्याला स्वतःला काय हवे आहे ते ठरवावे. त्याचे बलुते यंदा थकले आहे.

एवढे ठरवायला अर्धा मिनिट लागतो, आणि तेवढ्यात खेळाडू रांजणांचा भाव करत असतात. मग कुंभार रांजण दाखवता दाखवता म्हणतो, "दरसाली पाच पेवांची माती मीच देतो, मालक. औंदा दोनच पेवांची मागवली. माझं बलुतं तरी कुठून देतील?" त्याला आपण केवढी गोष्ट बोललो याची जाणीव नाही, तो आपले गाऱ्हाणे सांगतो आहे. खेळाडूंपैकी एक जण वहीतील हिशेब आठवून म्हणतो, "दोन पेवे म्हणजे साठच दिवस." येथे गेम मास्टरने काहीही समजावून सांगू नये.

पुढे ते ही बातमी कोणाला सांगतात यावर मोहीम वळते. शेट्यांना सांगितली तर गहाणाची वस्तू पोकळ आहे हे त्यांना कळते आणि जप्तीचे एक घर लगेच भरते. महंतांना सांगितली तर त्यांच्यापुढे सहाव्या पेवाविषयी बोलावे की नाही असा पेच पडतो. कारभाऱ्याला सांगून मौनाची किंमत मागितली तर तो ती देतो, परंतु दुसऱ्या दिवशी कुंभाराच्या दारात गढीची माणसे उभी असतात. यातील एकही परिणाम आधी लिहिलेला नव्हता. गटाला काय हवे आणि त्याला काय करता येत नाही, या दोन वाक्यांतून तो आपोआप निघाला.

पाण्याचा मूळ बेतही विसरू नये. रांजण घाटात ठेवले तर पाणी बारवेतूनच आणावे लागेल, आणि ती मठाची आहे. खेळाडूंच्या बेताला नाही म्हणण्यापेक्षा त्याला एखाद्या गटाच्या दारात नेऊन सोडणे हे या पद्धतीचे मुख्य कौशल्य आहे, आणि ते दोन-तीन बैठकींत जमू लागते.

काय बिघडते आणि ते कसे ओळखावे

खेळाडू "आता आम्ही काय करायचे?" असे विचारू लागले तर निमित्ते संपली आहेत किंवा त्यांना मुदत नव्हती. त्याच बैठकीत एखाद्या गटाचा माणूस दारात आणून त्याच्याकडून काहीतरी मागवावे. खेळाडू एका गटाकडेच पुनःपुन्हा जात असतील तर बाकीच्या गटांना त्यांच्याकडून काही नको आहे, म्हणजे त्यांचे तिसरे वाक्य कच्चे राहिले आहे.

तीन बैठकी झाल्या आणि एकही गुपित बाहेर आले नाही, तर आपण ते फार जपून ठेवले आहे असे समजावे. नवख्यांकडून सर्वाधिक होणारी चूक हीच आहे, असे मला वाटते. गुपित शेवटापर्यंत राखून ठेवले तर खेळाडूंच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नसते. एका बैठकीत निदान दोन गुपिते, अर्धी का होईनात, बाहेर पडली पाहिजेत, आणि जेवढी खर्च झाली तेवढी नवी लिहून यादी पुन्हा आठ-दहावर आणावी.

ऐन वेळी रचलेल्या गोष्टी एकमेकींना छेद देऊ लागल्या, म्हणजे मागच्या खेपेला विधुर असलेल्या कुंभाराची बायको या खेपेला बोलू लागली, तर खेळाडूंचा त्या जगावरचा विश्वास डळमळतो. त्यावर उपाय म्हणजे टिपण. त्या काळाला शोभतील अशी वीस नावे, दहा पुरुषांची आणि दहा बायकांची, आधीच एका कागदावर लिहून ठेवावीत: राणोजी, सटवाजी, मैनाजी, गोदी, काशी, येसू अशी. बोलायला माणूस लागला की वरून एक नाव घ्यावे, त्यापुढे तो कोणाशी बांधलेला आहे आणि तो काय बोलला हे पाच-सात शब्दांत लिहावे.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. भुयारे आणि सापळ्यांनी भरलेली जागा टप्प्याटप्प्याने पार करण्याचा खेळ ज्यांना हवा आहे, त्यांना येथे समाधान मिळणार नाही, कारण येथे जवळजवळ प्रत्येक अडचण माणसाशी बोलून सुटते किंवा चिघळते. तसेच टेबलाभोवती सहापेक्षा अधिक खेळाडू असतील तर चार गटांशी चालणाऱ्या वाटाघाटींत निम्मे जण गप्प बसून राहतात. तीन ते पाच खेळाडू ही योग्य संख्या आहे.

बैठक संपल्यावर मंडळी उठण्यापूर्वी त्यांना एकच प्रश्न विचारावा: पुढच्या खेपेला तुम्ही प्रथम कोणाकडे जाणार? त्यांचे उत्तर लिहून घ्यावे, घरी जाऊन चारही गटांचे फासे टाकावेत, भरलेल्या घरांची गावात दिसणारी खूण ठरवावी, आणि ज्याच्याकडे ते जाणार आहेत त्या माणसाला खेळाडूंकडून काय हवे आहे एवढेच पुढच्या पानाच्या शिरोभागी लिहून ठेवावे.